फाउंड्रीत पाणी शिरलं, एलडी मात्र मला: पुराचं कलम नेमकं कुणाला वाचवतं?

वाचकाचं पत्र

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. पुण्याच्या एका कंपनीला पंप हाउसिंग देतो. ऑर्डर 4,000 नगांची, नगाला 650 रुपये, हजाराचे चार लॉट. दोन वेळेवर गेले. 24 जुलैच्या रात्री आम्हाला ओतीव कास्टिंग देणाऱ्या फाउंड्रीत पुराचं पाणी शिरलं, ती तीन आठवडे बंद होती. माझ्याकडे पाणी आलं नाही, पण चार दिवस लाइट नव्हती आणि हायवे 30 तारखेपर्यंत बंद. 300 कास्टिंग शेडमध्ये होत्या, पण पूर्ण लॉट एकदमच पाठवू म्हणून थांबलो. 5 ऑगस्टचा लॉट 30 ऑगस्टला गेला. कंपनीने तो उतरवून घेतला आणि नंतर बिलातून 1,30,000 रुपये एलडी, म्हणजे उशिराची ठरलेली भरपाई, कापली. 5 सप्टेंबरचा चौथा लॉट अजून बाकी आहे, फाउंड्री ऑक्टोबरशिवाय नंबर देत नाही, दुसरी नगाला 90 रुपये जास्त मागते. कंपनी म्हणते, आम्ही बाहेरून 800 ने घेऊ आणि फरक तुमच्याकडून वसूल करू.

करारात फोर्स मेजर आहे: पूर, भूकंप, युद्ध, सरकारी आदेश यांमुळे पुरवठा रोखला गेला तर पुरवठादार जबाबदार नाही, पण 7 दिवसांत लेखी कळवलं पाहिजे. मी 26 जुलैला परचेसच्या साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप केला, ‘ओके, कळवत राहा’ असं उत्तर आलं. ईमेल 8 ऑगस्टला केला. मी सुटलो का?

उत्तर

नमस्कार. काही नगांपुरते, काही दिवसांपुरते तुम्ही सुटू शकता. संपूर्ण ऑर्डरीतून नाही, आणि चौथ्या लॉटमधून तर अजिबात नाही. पण कंपनीने कापलेला आकडाही चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असण्याचा पुराशी काही संबंध नाही. तिथपर्यंत येऊच.

पूर आला होता का, यावर वाद होणार नाही. पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं की पुणे-बेंगळुरू वाहतूक शिरोलीपाशी थांबते, हे 2019 आणि 2021 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. वाद होईल तो पुराने नेमका कुणाचा हात धरला यावर. तुमचा, की तुमच्या फाउंड्रीचा? तुमच्या कलमात ‘पुरवठा रोखला गेला’ असं आहे आणि पुरवठादार म्हणजे तुम्ही. पाणी शिरलं ते तुमच्या पुरवठादाराकडे. लहान कारखानदार सगळ्यात जास्त इथेच अडकतात, म्हणून यावर जरा थांबतो.

सर्वोच्च न्यायालयाचा 2003 चा ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स हा निकाल तुमच्या प्रकरणाचा मोठा भाऊ समजा. सॉ पाइप्सला ओएनजीसीला पाइप द्यायचे होते. पाइपसाठी लागणाऱ्या पोलादी प्लेटा इटलीहून यायच्या होत्या. 1996 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात युरोपात पोलाद कामगारांचा संप झाला आणि प्लेटा अडकल्या. कंपनीने 45 दिवसांची मुदतवाढ मागितली. ओएनजीसीने ती दिली, पण देतानाच सांगितलं की उशिराची ठरलेली रक्कम आम्ही कापणार. पुढे लवाद झाला. कच्चा माल पुरवणाऱ्याकडचा संप या करारातल्या फोर्स मेजरच्या व्याख्येत बसत नाही, असं लवादाने म्हटलं. पैशाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कपात टिकली. संप खरा होता, सॉ पाइप्सची त्यात काही चूक नव्हती, तरीही.

म्हणजे तुमच्या पुरवठादारावर आलेलं संकट आपोआप तुमचं संकट होत नाही. कलमात तसं लिहिलेलं असावं लागतं, किंवा त्या एका जागेशिवाय माल मिळूच शकत नव्हता हे दाखवावं लागतं. तुमच्या पत्रात दुसरी फाउंड्री आहे, तिने दरही दिलाय. कंपनीचा वकील पहिल्यांदा त्याच ओळीवर बोट ठेवेल.

यातून निघायची एक वाट आहे, ती आधी तपासा. ड्रॉइंग आणि परचेस ऑर्डर काढा आणि कास्टिंगचा ‘अप्रूव्ह्ड सोर्स’ म्हणून त्याच फाउंड्रीचं नाव कुठे लिहिलंय का बघा. पीपीएपीच्या, म्हणजे पार्टच्या मंजुरीच्या, फायलीतही ते असू शकतं. पंपाच्या धंद्यात गिऱ्हाईक बऱ्याचदा फाउंड्री स्वतः मंजूर करतं आणि परवानगीशिवाय बदलू देत नाही. तसं असेल तर चित्र पालटतं. ज्या एका जागेतून माल घ्यायला कंपनीनेच तुम्हाला बांधलं, ती जागा पाण्याखाली गेल्यावर ‘दुसरीकडून का नाही आणला’ हा प्रश्न तिला विचारता येत नाही. इंग्लंडमधल्या 1876 च्या एका बटाट्याच्या खटल्यात हेच तत्त्व आहे. ठरावीक शेतातले 200 टन बटाटे विकायचा करार होता, पिकावर रोग पडला, हाती आले सुमारे 80 टन, तेवढे शेतकऱ्याने दिले. उरलेल्यांसाठी त्याला जबाबदार धरलं नाही, कारण करार त्याच शेताचा होता. बाजारातल्या कुठल्याही बटाट्यांचा असता तर तो सुटला नसता.

आता तिसऱ्या लॉटचे दोन ढीग करू, कारण फोर्स मेजर अख्ख्या लॉटला चादरीसारखं पांघरता येत नाही. घटनेमुळे जे थांबलं तेवढंच त्यात येतं.

पहिला ढीग शेडमधल्या 300 कास्टिंगचा. फाउंड्रीतल्या पाण्याशी यांचा संबंध नाही. यांना अडवलं ते तुमच्याकडच्या विजेने आणि बंद हायवेने, आणि हे दोन्ही थेट तुमच्यावर आलेले अडथळे आहेत. पण वीज 29 जुलैला आली, रस्ता 31 ला मोकळा झाला. तुमच्यासारख्या शॉपमध्ये दिवसाला साठेक हाउसिंग होतात असं धरलं तर 300 नग पाच दिवसांचं काम आहे. 5 ऑगस्टपर्यंत, फार तर एखाद-दोन दिवसांनी, ते पुण्यात पोचले असते. ‘पूर्ण लॉट एकदमच पाठवू’ हा निर्णय तुमचा होता, पुराचा नव्हता. या 300 वर तुम्ही भांडू नका. इथे कबूल केलंत तर उरलेल्या 700 वर तुमचं म्हणणं जास्त विश्वासाने ऐकलं जाईल.

दुसरा ढीग 700 नगांचा. मंजूर फाउंड्रीचा कागद सापडला तर तुमची बाजू इथे चांगली आहे, नाही सापडला तर पातळ. चांगली असली तरी मोजणी दिवसांची होते. फाउंड्री 24 जुलै ते 14 ऑगस्ट, म्हणजे 21 दिवस बंद. 5 ऑगस्टची तारीख तेवढी पुढे सरकवली तर 26 ऑगस्ट येते. तुमचा माल 30 ला गेला. मधल्या चार दिवसांचंही कारण द्यावं लागेल, आणि ते असणार. भिजलेल्या इंडक्शन फर्नेसमध्ये दुसऱ्या दिवशी मेल्टिंग घेता येत नाही. कॉइल वाळवायची, जुनं लायनिंग काढायचं, रॅमिंग मासने नवं बसवायचं, ते सिंटर करायचं. ओलाव्यावर वितळलेलं लोखंड पडलं तर स्फोट होतो, त्यामुळे घाई करणारा माणूस बेजबाबदार ठरेल. फाउंड्रीकडून हीट रजिस्टरच्या, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक मेल्टिंगच्या नोंदवहीच्या, त्या तारखांच्या पानांची प्रत घ्या. शेवटची हीट कोणत्या दिवशी, नव्या लायनिंगनंतरची पहिली कोणत्या दिवशी, हे तिथे आकड्यात असतं, आणि कोणत्याही लवादासमोर दहा पानी पत्रापेक्षा ते जास्त बोलतं. सोबत तलाठ्याचा पंचनामा, विमा सर्व्हेअरचा अहवाल, तुमच्या फीडरवर वीज बंद असल्याचं महावितरणचं पत्र आणि रस्ता बंद केल्याचा प्रशासनाचा आदेश. हे कागद आत्ताच मिळतात. सहा महिन्यांनी कुणी देत नाही.

नोटिशीबद्दल. सात दिवस 31 जुलैला संपले. ईमेल मुदतीबाहेर गेला, व्हॉट्सअ‍ॅप मुदतीत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या चौथ्या कलमाने इलेक्ट्रॉनिक मजकूर ‘लेखी’ धरला जातो. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस निळ्या खुणा पाहून पोचलेली मानली होती, पण ती कोर्टाच्या कामातली नोटीस होती, करारातली नव्हे. तुमच्या करारात ‘नोटीस फक्त अमुक पत्त्यावर, रजिस्टर पोस्टाने’ असं काही आहे का ते बघा. असेल तर मुद्दा कमकुवत होतो, संपत नाही, कारण समोरून उत्तर आलंय आणि पुढचा व्यवहार त्यावरच चाललाय. तो फोन जपून ठेवा. संभाषण एक्सपोर्ट करा, पण मूळ पुसू नका. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यासाठी मूळ साधन हाताशी लागेल.

आता कापलेल्या रकमेकडे. माझ्या मते तुमचे पैसे सगळ्यात लवकर इथून सुटतील, म्हणून हा मुद्दा पत्रात फोर्स मेजरच्याही आधी ठेवा.

1,30,000 म्हणजे 26,00,000 च्या बरोबर पाच टक्के. म्हणजे कंपनीने कमाल मर्यादा उचलली आणि तीही संपूर्ण ऑर्डरीवर लावली. वेळेवर गेलेल्या दोन लॉटांवर उशिराचा दंड कसला? तुमच्या करारातला एलडीचा शब्द शोधा. बहुतेक परचेस ऑर्डरींत ‘उशीर झालेल्या मालाच्या किमतीवर, दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के’ असं असतं. तसं असेल तर हिशेब असा: तिसऱ्या लॉटची किंमत 6,50,000. उशीर 25 दिवस, म्हणजे चार आठवडे धरू. दोन टक्के, 13,000 रुपये. फोर्स मेजर पूर्ण फेटाळलं गेलं तरी इतकंच. 700 नगांसाठी ते मान्य झालं तर फक्त 300 नगांच्या 1,95,000 वर दोन टक्के, 3,900 रुपये. कापलेल्या रकमेतला मोठा भाग पुराशी काही न भांडताच परत मागता येतो.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे, आणि ती फारच कमी कारखानदारांना माहीत असते. भारतीय करार कायदा 1872, कलम 55. जिथे वेळ हा कराराचा गाभा आहे, तिथे ठरलेल्या वेळेनंतर आलेला माल गिऱ्हाइकाने स्वीकारला, आणि स्वीकारताना ‘उशिराची भरपाई आम्ही मागणार आहोत’ असं कळवलं नाही, तर नंतर त्याला ती भरपाई मागता येत नाही. सॉ पाइप्सचं आठवा: तिथे ओएनजीसीने मुदतवाढ देतानाच कपातीचं सांगून ठेवलं होतं. तुमच्याकडे 30 ऑगस्टला काय झालं? त्या दिवसाची जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, चलनावरचा शेरा, त्या आठवड्यातले ईमेल काढा. ‘एलडीच्या अधीन राहून स्वीकारला’ असा शेरा कुठे नसेल, तर 13,000 रुपयांवरसुद्धा तुम्ही ठामपणे हरकत घेऊ शकता. कंपनी म्हणेल की करारात एलडी आधीपासून आहेच, वेगळं सांगायची गरज काय. त्यावर कलम 55 चे शब्द ‘स्वीकारतानाच’ कळवण्याचे आहेत, हे उत्तर. एखाद्या शेऱ्यावर सगळं फिरतं, म्हणून पत्र लिहिण्याआधी हे कागद डोळ्यांनी पाहा.

उद्यम नोंदणी या ऑर्डरीच्या आधीची असेल तर आणखी एक आधार आहे. एमएसएमई कायद्यात मालाबद्दलची लेखी हरकत पोचल्यापासून 15 दिवसांत घ्यावी लागते आणि करार काहीही म्हणो, पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढतं. चुकीने कापलेले पैसे ही न दिलेलीच रक्कम आहे. फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो. मी मात्र आधी पत्र आणि एक बैठक सुचवेन, कारण हे गिऱ्हाईक तुम्हाला टिकवायचं असणार.

चौथा लॉट. इथे मला तुम्हाला स्पष्टच सांगायला हवं. फाउंड्री 14 ऑगस्टला सुरू झाली. ती आज तुम्हाला ऑक्टोबरचा नंबर देते ते पाण्यामुळे नाही, तिच्याकडे गर्दी आहे म्हणून. आणि दुसरीकडचे 90 रुपये म्हणजे महागाई, अडवणूक नव्हे. महागाईने करार सुटत नाही, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. 2017 चा एनर्जी वॉचडॉगचा निकाल बघा. मुंद्र्याच्या वीज प्रकल्पांसाठी कोळसा इंडोनेशियाहून यायचा. तिथल्या सरकारने नियम बदलला, निर्यातीचा दर आंतरराष्ट्रीय बाजाराला बांधला, कोळसा भयंकर महाग झाला. प्रकल्पांनी फोर्स मेजर मागितलं. सर्वोच्च न्यायालयाने नाकारलं: कोळसा मिळत होता, फक्त परवडत नव्हता. त्याच निकालात असंही आहे की करारात फोर्स मेजरचं कलम असेल तर आधी त्याच कलमाचे शब्द पाहायचे, तिथे करार कायद्याचं कलम 32 लागतं. कलम 56, म्हणजे काम अशक्य झाल्याने करारच संपणं, ही त्याबाहेरच्या प्रसंगांसाठीची वाट आहे. कुणी तुम्हाला ‘56 लावा, सगळंच मोडेल’ असं सांगितलं तर ऐकू नका.

मग पैशात बघा. दुसऱ्या फाउंड्रीकडून 1,000 कास्टिंग घेतल्या तर 90,000 रुपये जास्त जातील. महिनाअखेरीस माल गेला तर चार आठवड्यांची एलडी 13,000, एकूण 1,03,000. काहीच केलं नाहीत आणि कंपनीने 800 ने खरेदी केली तर फरक 1,50,000, वर गिऱ्हाईक गेलेलं. त्या 1,50,000 वर तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे: कंपनीनेही नुकसान वाढू न देण्याची काळजी घ्यायला हवी, करार कायद्याच्या कलम 73 मध्ये ते आहे, आणि 800 हा खरोखर बाजारभाव होता हे तिने दाखवायला हवं. पण त्या मुद्द्यावर विसंबून बसण्यासारखं हे प्रकरण नाही. माल द्या.

देताना अडचण पॅटर्नची, म्हणजे साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्याची, येईल. तो जुन्या फाउंड्रीत पडलाय. त्याचे पैसे कंपनीने दिले असतील तर तो तिचा, आणि हलवायला तिचं पत्र लागेल. तुम्ही दिले असतील तर डिलिव्हरी चलनावर परत मागा. भिजून वाकला-फुगला नाही ना ते मापून घ्या, नाहीतर हाउसिंगची बोअर जाग्यावर येणार नाही. नव्या फाउंड्रीच्या मोल्डिंग मशीनचा बॉक्स वेगळ्या मापाचा असेल तर मॅच प्लेट बदलावी लागते, त्यालाही आठवडा जातो. स्रोत बदलायची लेखी मंजुरी कंपनीकडून आधी घ्या आणि ती मागितल्याची तारीख नोंदवून ठेवा. मंजुरीला कंपनीने दहा दिवस लावले तर ते दहा दिवस तुमचे नाहीत.

पत्र या आठवड्यातच जाऊ द्या, कंपनीच्या करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. लांबवू नका. मजकूर साधारण असा:

‘आपण बिलातून कापलेले 1,30,000 रुपये आम्हाला मान्य नाहीत. वेळेवर पोचलेल्या लॉट 1 व 2 वर एलडी लागू होत नाही. लॉट 3 आपण 30 ऑगस्ट रोजी कोणतीही हरकत न नोंदवता स्वीकारला आहे. त्या लॉटमधील 700 नगांना झालेला उशीर 24 जुलैच्या पुरामुळे असून त्याची सूचना 26 जुलै रोजी दिली होती व आपण ती मिळाल्याचे कळवले होते, कागदपत्रे सोबत. लॉट 4 आम्ही अमुक तारखेपर्यंत देत आहोत, त्यासाठी कास्टिंगचा स्रोत बदलण्यास आपली लेखी मंजुरी तीन दिवसांत मिळावी. तोपर्यंत बाहेरून खरेदी करू नये.’

‘कोणतीही हरकत न नोंदवता’ हे शब्द जीआरएन पाहिल्यावरच ठेवा. शेरा निघाला तर ते वाक्य काढा आणि 13,000 चा हिशेब घाला. आणि ‘अमुक तारीख’ नव्या फाउंड्रीशी बोलून, दोन दिवस हातचे ठेवूनच भरा. दिलेली दुसरी तारीखही हुकली तर तिसऱ्या लॉटबद्दलचं तुमचं खरं म्हणणंही कुणी ऐकणार नाही.